एकाच पत्त्यातल्या दोन गोळ्या

झोपेच्या गोळीसाठी मेडिकलवाला चिठ्ठी मागतो, आणि ते बरोबरच आहे. झोल्पिडेम, अल्प्राझोलाम, डायझेपाम ही सगळी एच-वन यादीतली औषधं. रोग्याचं नाव, डॉक्टरांचं नाव आणि किती गोळ्या दिल्या ते रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं, असा नियम आहे. पण नियमाची हद्द काउंटरपर्यंतच. गोळ्यांचा पत्ता एकदा घरी आला की तो फ्रिजवरच्या डब्यात पडतो, आणि मग घरातल्या ज्याला झोप येत नाही त्याचा तो होतो.

नागपूरच्या मानेवाड्यातलं एक घर समजू. मुलगा पंचेचाळीस वर्षांचा, वजन ८२ किलो. डॉक्टरांनी त्याला थोड्या दिवसांसाठी झोल्पिडेम १० मिलिग्रॅम लिहून दिली आहे. आई बहात्तर वर्षांची, पन्नास किलोची. तिला रात्र रात्र डोळा लागत नाही. मुलगा म्हणतो, "आई, मी तं रोज घेतो, सकाळी एकदम फ्रेश. तू घेऊन तं पाह्य." आई साडेदहाला गोळी घेते, अर्ध्या तासात झोपते आणि पहाटे साडेचारला नेहमीप्रमाणे लघवीला उठते. बाथरूमच्या उंबऱ्याशी तिचा तोल जातो.

त्या रात्री दोघांनाही झोप लागली. गोळी कशी लागली असं विचारलं असतं तर दोघांनीही "छान" असंच सांगितलं असतं. म्हणूनच गोळी दोघांना वेगवेगळी का लागते हा प्रश्न रात्रीचा नाही, पहाटेचा आहे, असं मला वाटतं. डोळा मिटायला बहुतेकांना पुरेसं औषध मिळतंच. माणसामाणसात फरक पडतो तो उठायच्या वेळेला रक्तात किती औषध शिल्लक आहे यात.

मुलाचा हिशोब आधी करू. १० मिलिग्रॅमची साधी गोळी रिकाम्या पोटी घेतली की दीड तासाच्या आसपास रक्तातलं प्रमाण शिखरावर पोचतं. सरासरी तरुण, निरोगी माणसात ते एका मिलिलिटर रक्तामागे १२० नॅनोग्रॅमच्या घरात असतं. त्यानंतर दर अडीच तासांनी ते निम्मं होत जातं. या निम्मं व्हायच्या वेळेला डॉक्टर हाफ-लाइफ म्हणतात. साडेदहाला घेतलेली गोळी बाराला शिखरावर, म्हणजे पहाटे साडेचारला मुलाच्या रक्तात ३४ च्या आसपास उरेल आणि साडेसहाला २०. तो उठतो, चहा घेतो आणि स्कूटर काढतो.

आता आई. सत्तरी ओलांडलेल्या लोकांमध्ये झोल्पिडेम मोजून पाहिलं आहे. शिखर तरुणांपेक्षा साधारण दीडपट उंच आणि हाफ-लाइफ जवळपास एक तृतीयांशानं लांब, असं त्यात दिसलं. म्हणजे आईचं शिखर १८० धरा आणि हाफ-लाइफ ३.३ तास. पहाटे साडेचारला तिच्या रक्तात ७० उरतात, मुलाच्या दुप्पट. साडेसहालासुद्धा ४६. हे आकडे ढोबळ आहेत. प्रत्यक्षात माणसामाणसात याहून मोठी तफावत असते. पण हिशोबाची दिशा खरी आहे. आणि एक गोष्ट बघा : आईला १० ऐवजी ५ मिलिग्रॅम दिली असती तर साडेचारला तिच्या रक्तात ३५ उरले असते, म्हणजे जवळजवळ मुलाइतकेच. पत्त्यावर १० लिहिलेली गोळी मुलाच्या अंगात दहाची आहे आणि आईच्या अंगात वीसची. म्हाताऱ्या माणसांसाठी झोल्पिडेमचा डोस ५ मिलिग्रॅम ठरवला आहे तो याच कारणानं, 'सांभाळून' म्हणून नव्हे.

शिखर उंच का होतं आणि उतार हळू का होतो, याचं उत्तर बव्हंशी लिव्हरमध्ये आहे. गिळलेली गोळी आतड्यातून आधी लिव्हरकडेच जाते. झोल्पिडेमचा सुमारे तीस टक्के भाग अंगभर पसरण्याआधी तिथेच मोडला जातो, आणि उरलेला रक्तात फिरत असताना पुन्हा पुन्हा लिव्हरमधून जातो आणि दर फेरीला थोडा मोडतो. वयाबरोबर लिव्हर आकारानं लहान होतं आणि त्यातून वाहणारं रक्त कमी होतं. पहिल्या फेरीत कमी मोडलं म्हणून शिखर उंच, पुढच्या फेऱ्यांत कमी मोडलं म्हणून उतार मंद. सिरॉसिस झालेल्या माणसात हेच टोकाला जातं. तिथे झोल्पिडेमची हाफ-लाइफ दहा तासांच्या आसपास मोजली गेली आहे. अशा माणसाची रात्रीची गोळी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अंगात असते.

दुसरी गोष्ट म्हणजे आई बाई आहे. अमेरिकेच्या औषध नियामकांनी जानेवारी २०१३ मध्ये बायकांसाठी झोल्पिडेमचा सुरुवातीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणला. हे औषध तेव्हा बाजारात येऊन वीस वर्षं झाली होती. १० मिलिग्रॅम घेतल्यानंतर आठ तासांनी ज्यांच्या रक्तात ५० नॅनोग्रॅमपेक्षा जास्त औषध उरलं होतं, असे लोक बायकांत सुमारे १५ टक्के निघाले आणि पुरुषांत ३ टक्के. ५० च्या वर गाडी चालवण्यावर परिणाम होऊ शकतो, म्हणून ती रेघ. बायकांमध्ये हे औषध हळू बाहेर पडतं, आणि ते वजन कमी असतं एवढ्यानं सुटत नाही. वजनाचा हिशोब जमेस धरूनही फरक शिल्लक राहतो.

वजनाबद्दल आपल्याकडे एक पक्की समजूत आहे. अंगापिंडानं मोठा माणूस म्हणजे गोळीही मोठी, बारीक माणूस म्हणजे अर्धी. लहान मुलांची औषधं किलोवर मोजतात त्यातून ती आली असावी. प्रौढांच्या झोपेच्या गोळीत मात्र वजन हा बराच कच्चा अंदाज आहे. ८२ किलोच्या माणसाचं लिव्हर पन्नास किलोच्या माणसापेक्षा त्याच प्रमाणात जास्त काम करत नाही, आणि वाढलेल्या वजनातला बराचसा भाग चरबी असतो, जी औषध मोडत नाही, फक्त साठवते. ही साठवण डायझेपाममध्ये फार महत्त्वाची ठरते. तिकडे पुढे येतो.

आता मुलाच्या बाजूनं काय बिघडू शकतं ते पाहू. रविवारी घरी सावजी मटण झालं, जेवण साडेदहापर्यंत लांबलं आणि हात धुऊन लगेच गोळी घेतली. भरल्या पोटी झोल्पिडेम शिखरावर उशिरा पोचतं, साधारण दीड तासाऐवजी सव्वादोन तासांनी, आणि ते शिखरही सुमारे पाव हिश्शानं बुटकं असतं. साडेअकरापर्यंत डोळा लागत नाही. "आज गोळी चढलीच नाही," असं म्हणून दुसरी घेतली की पहिली पाऊण वाजता शिखरावर येते आणि दुसरी तिच्यामागोमाग. सकाळी साडेसहाला त्याच्या रक्तात नेहमीच्या दुपटीहून जास्त औषध असतं. गोळी तीच होती, फक्त रस्सा आडवा आला. म्हणून झोल्पिडेम जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच घ्यायची नसते. घेतल्यावर सरळ अंथरुणात जायचं, सात-आठ तास झोपायला मिळणार असतील तरच घ्यायची, आणि त्या रात्री दुसरी घ्यायची नाही. घेऊन टीव्हीसमोर बसलं तर आणखी एक धोका आहे. माणूस अर्धवट जागा राहतो, उठतो, खातो, फोन करतो, क्वचित गाडीही काढतो, आणि सकाळी त्यातलं काही आठवत नाही. हे प्रकार इतके गंभीर ठरले की २०१९ मध्ये अमेरिकेत या गोळीच्या माहितीपत्रकावर सगळ्यात वरच्या दर्जाचा इशारा छापावा लागला. असं एकदाही झालं तर ही गोळी त्या माणसासाठी कायमची बंद.

(झोपताना तोंडात खर्रा ठेवून "गोळी लागत नाही" म्हणणाऱ्यांसाठी वेगळा परिच्छेद लिहायची गरज नाही. तंबाखूतलं निकोटिन जागं ठेवतं. डोस वाढवून हे भांडण मिटत नाही.)

दुसरी औषधं गोळीच्या वाटेत दोन ठिकाणी येतात, आणि ती दोन ठिकाणं वेगळी ठेवली की गोंधळ खूप कमी होतो. एक लिव्हर, दुसरं मेंदू.

लिव्हरचं बघू. झोल्पिडेम मोडण्याचं निम्म्याहून जास्त काम सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम करतं. उरलेलं काम इतर दोन-तीन एन्झाइमं वाटून घेतात. आपल्या आईला समजा पावसाळ्यात कमरेवर गजकर्ण झालंय, आणि त्वचेच्या डॉक्टरांनी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल दिल्या आहेत. हल्ली हे औषध घरोघरी दिसतं. इट्राकोनॅझोल ३ए४ ला अडवतं. निरोगी लोकांत त्यानं झोल्पिडेमचा एकूण भार सुमारे एक तृतीयांशानं वाढवला. आईच्या वाढलेल्या आकड्यांवर तो चढवा, म्हणजे साडेचारला ७० च्या जागी ८५-९०, आणि साडेसहाला ५० च्या रेघेच्या वर. गजकर्णाचे डॉक्टर झोपेचं विचारत नाहीत आणि आई कमरेचं खाज प्रकरण झोपेच्या संदर्भात सांगत नाही. कॅप्सूल संपल्या म्हणून प्रश्न त्याच दिवशी संपतो असंही नाही. इट्राकोनॅझोल अंगातून सावकाश जातं, आणि त्याचा हा अडथळा नंतरही आठवडा-दोन आठवडे राहू शकतो.

इथे गोळी कुठली यानं फार फरक पडतो. झोल्पिडेमला मोडणारी एन्झाइमं दोन-तीन आहेत, म्हणून एक अडवलं तरी काम थोडंफार चालू राहतं. अल्प्राझोलाम जवळजवळ पूर्णपणे एकट्या ३ए४ वर अवलंबून आहे. इट्राकोनॅझोलनं तिचा भार पावणेतीन पटीच्या आसपास जातो, म्हणून ही जोडी सरळ निषिद्ध आहे. 'झोपेची गोळी' या एकाच नावाखाली आपण ज्या गोळ्या टाकतो त्यांचे लिव्हरमधले रस्ते असे वेगवेगळे असतात, आणि एका गोळीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही.

याच्या अगदी उलट काम रिफाम्पिसिन करतं. टीबीचं औषध सुरू झालं की हे रसायन लिव्हरला ३ए४ जास्त तयार करायला लावतं. त्याच्या सोबत दिलेल्या झोल्पिडेमचा भार जवळपास तीन चतुर्थांशानं घटतो. टीबीचा रोगी सांगतो की गोळी पाण्यासारखी आहे, आणि त्याचं खरं असतं. चूक पुढे होते. झोप येत नाही म्हणून डोस वाढवला जातो, सहा महिन्यांनी टीबीचा कोर्स संपतो, दोनेक आठवड्यांत लिव्हर पूर्वपदावर येतं, आणि वाढवलेला डोस तसाच राहतो. तोच माणूस, तीच गोळी, आणि अचानक सकाळी उठवलं जात नाही. नवीन काही सुरू केलेलं नसतं, म्हणून कुणाला सुचतही नाही की काहीतरी बंद झालंय.

नागपुरात एक प्रश्न हमखास येतो : संत्र्याचा रस चालतो का? औषधांच्या माहितीपत्रकात जे फळ टाळायला सांगतात ते ग्रेपफ्रूट. ते आतड्यातलं ३ए४ अडवतं, आणि आपलं पपनस त्याच्या जवळच्या नात्यातलं आहे. आपलं संत्रं त्या गटात बसत नाही. खुशाल खा.

मेंदूतला प्रकार वेगळा आहे. तिथे दुसरं औषध रक्तातल्या झोल्पिडेमला हातही लावत नाही, तरी परिणाम वाढतो. दोन्ही औषधं मेंदूला आपापल्या रस्त्यानं शांत करतात आणि ती शांतता जोडली जाते. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, खाज थांबवायला दिलेली सेट्रिझिन, पाठीच्या नसेसाठी दिलेली प्रीगाबालिन, दुखण्यासाठी ट्रामाडॉल, आणि अर्थातच दारू. ट्रामाडॉल आणि दारू यांची गोष्ट सुस्तीवर थांबत नाही, त्यात श्वास मंदावतो. ज्याच्या घोरण्यात मध्येच श्वास अडकतो त्या माणसानं तर डॉक्टरांना हे आधी सांगितलंच पाहिजे. रक्त तपासून हा प्रकार सापडत नाही, कारण रक्तातलं प्रमाण नेहमीचंच असतं. म्हातारा मेंदू मुळातच तेवढ्याच औषधाला जास्त दबतो, म्हणून आईच्या रक्तातले ३५ आणि मुलाच्या रक्तातले ३५ हेही अगदी सारखे नाहीत. वर केलेला हिशोब आईच्या बाबतीत थोडा उदारच धरायला हवा.

इथवर जनुकांचं नाव आलं नाही, ते मुद्दाम. झोल्पिडेममध्ये सहसा जनुकं मोठा खेळ करत नाहीत. काम अनेक एन्झाइमांत वाटलेलं आहे, आणि त्यातलं मुख्य ३ए४ जन्मजात बंद असणं दुर्मीळ. जनुकं खऱ्या अर्थानं दिसतात ती डायझेपाममध्ये.

डायझेपामचं वैशिष्ट्य असं की पहिल्या रात्री ती बहुतेकांना सारखीच लागते. दोन सख्खे भाऊ घेऊ, दोघंही चाळिशीतले. पाठ धरली म्हणून दोघांना रात्री ५ मिलिग्रॅम डायझेपाम दिली आहे. पहिल्या रात्री दोघंही मस्त झोपतात आणि सकाळी ठीक उठतात. तिसऱ्या आठवड्यात धाकटा ठीकच आहे, पण थोरला दुपारी कामावर पेंगतो, बोलताना शब्द शोधतो, गाडीवर ब्रेक उशिरा दाबतो. घरचे म्हणतात, ह्याला सहन होत नाही, ह्याचं मन कमजोर. मनाचा इथे काही संबंध नाही.

डायझेपाम मोडण्यात सीवायपी२सी१९ या एन्झाइमचा मोठा वाटा आहे. ते बनवणाऱ्या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. या जनुकाचा एक प्रकार असा आहे की एका अक्षराच्या बदलामुळे एन्झाइम धड तयारच होत नाही. भारतात हा प्रकार अजिबात दुर्मीळ नाही. आपल्याकडच्या प्रतींपैकी साधारण तिसरा हिस्सा तसा निघतो. आई-वडील दोघांकडेही एक चालू आणि एक बंद प्रत असेल, तर दर मुलामागे चारात एक शक्यता अशी की दोन्ही बंद प्रती त्याच्याच वाट्याला येतील. सख्ख्या भावांत फरक पडतो तो असा. देशात दहात एक किंवा त्याहून थोडी जास्त माणसं थोरल्यासारखी असतात आणि त्यांना ते माहीतही नसतं, कारण या एन्झाइमशिवाय एरवी काही अडत नाही.

१९८९ मध्ये स्वीडनमध्ये असे दोन गट घेऊन डायझेपाम मोजलं गेलं. ज्यांचं हे एन्झाइम चालू आहे त्यांच्यात हाफ-लाइफ सुमारे ४१ तास, ज्यांचं बंद आहे त्यांच्यात ८८. हे दोन आकडे आपल्या भावांना लावू. रोज रात्री नवी गोळी येते, पण मागच्या रात्रीची गेलेली नसते. धाकट्याच्या अंगातून चोवीस तासांत तिसरा हिस्सा जातो, थोरल्याच्या अंगातून जेमतेम सहावा. उरलेल्यावर नवी गोळी चढत जाते, आणि शेवटी रोज जितकी येते तितकीच रोज बाहेर जाऊ लागते तिथे पातळी थांबते. धाकट्यामध्ये ती एका गोळीच्या तिप्पट होऊन आठवड्याभरात थांबते. थोरल्यामध्ये जवळपास सहापट होते, आणि तिथे पोचायला अडीच आठवडे लागतात. म्हणून तक्रार पहिल्या रात्री येत नाही, तिसऱ्या आठवड्यात येते. शिवाय डायझेपाम मोडून जे नॉरडायझेपाम तयार होतं तेही झोप आणतं, डायझेपामपेक्षा जास्त काळ टिकतं आणि त्याचाही निचरा याच एन्झाइमकडून होतो. तो भार वरच्या हिशोबात धरलेलाच नाही.

वय इथेही आहेच. १९७५ मधल्या एका गाजलेल्या अभ्यासात डायझेपामची हाफ-लाइफ विशीत वीस तासांच्या आसपास आणि ऐंशीत नव्वदच्या आसपास आढळली, म्हणजे ढोबळमानानं जितकं वय तितके तास. त्या मापानं बघितलं तर चाळिशीतला थोरला डायझेपामपुरता नव्वदीला टेकला आहे.

आणि चरबी. डायझेपाम चरबीत सहज विरघळतं. पहिली गोळी घेतली की ते आधी मेंदूत जातं आणि मग रक्तातून हळूहळू चरबीत ओढलं जातं. पहिल्या रात्रीचा परिणाम उतरतो तो बराचसा यामुळे, मोडल्यामुळे नव्हे, आणि म्हणूनच पहिल्या रात्री दोन भावांत फरक दिसत नाही. लठ्ठ माणसात ही टाकी मोठी असते. एखादी गोळी त्याला लवकर उतरल्यासारखी वाटते आणि तो डोस वाढवून मागतो. पण रोज घेतली की टाकी भरत जाते, हाफ-लाइफ लांबते आणि गोळी बंद केल्यावरही औषध चरबीतून झिरपत राहतं. वजन जास्त म्हणून गोळी जास्त, या समजुतीचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं.

धाकटाही पूर्ण सुरक्षित नाही. पाठीसाठी पेनकिलर चालू म्हणून त्याला सकाळी ओमेप्राझोल सुरू होतं. ॲसिडिटीची ही गोळी २सी१९ ला अडवते. जनुक चांगलं असूनही धाकट्याचं एन्झाइम अर्धवट बंद पडतं, आणि तो थोरल्याच्या दिशेनं सरकतो. थोरल्याला मात्र ओमेप्राझोलनं डायझेपामच्या बाबतीत काहीच फरक पडत नाही, कारण अडवायला तिथे एन्झाइमच नाही. म्हणजे एकाच घरात एकच ॲसिडिटीची गोळी एका भावाची झोपेची गोळी जड करते आणि दुसऱ्याची जशीच्या तशी ठेवते. पॅन्टोप्राझोल हा अडथळा जवळपास करत नाही. डायझेपाम चालू असताना ॲसिडिटीची गोळी हवीच असेल, तर यातली कुठली चालेल हे डॉक्टरांना विचारून घ्यावं.

मग जनुकांची तपासणी करावी का? केवळ झोपेच्या गोळीसाठी पैसे घालण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. झोल्पिडेमला तिचा उपयोग नगण्य आहे, आणि डायझेपामच्या जागी लोराझेपामसारखी गोळी देता येते, जिला लिव्हर वेगळ्या आणि साध्या वाटेनं मोडतं. २सी१९, ३ए४ यांचा तिच्याशी संबंध येत नाही, आणि वयाचा किंवा सिरॉसिसचा तिच्या मोडण्यावर पडणारा परिणामही कमी असतो. (मेंदू जास्त दबण्याचा प्रश्न मात्र तिथेही तसाच राहतो, तोल जायचा तो जातोच.) पण घरात कुणाला स्टेंट घातला असेल आणि क्लोपिडोग्रेल लागू पडतं का हे बघायला जनुकांची तपासणी झाली असेल, तर तो रिपोर्ट शोधून काढा. क्लोपिडोग्रेलला कामाला लावणारं एन्झाइम हेच २सी१९ आहे. हृदयासाठी काढलेल्या त्या कागदावर डायझेपामचंही उत्तर लिहिलेलं असतं.

तपासणीपेक्षा चार-पाच दिवसांची नोंद जास्त कामाची, आणि ती डॉक्टरांना दाखवण्यासारखी असावी. जेवण किती वाजता, गोळी किती वाजता, डोळा केव्हा लागला, रात्री उठलो तेव्हा पाय कसे पडत होते, सकाळी उठल्यावर पहिला तास कसा गेला. शेजारी सगळ्या गोळ्यांची यादी, मलमासोबतच्या कॅप्सूल आणि मेडिकलमधून आणलेल्या सर्दीच्या गोळ्यांसकट, आणि गेल्या महिन्याभरात बंद झालेल्या औषधांसकट. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत ही नोंद घरच्यांनी करावी, कारण ज्याला गोळी जड झाली आहे त्याला ती जड झाल्याचं कळत नाही. नाश्ता झाला हे विसरणं, भिंतीला हात लावत चालणं, दुपारी बसल्या जागी डुलकी, बोलताना जीभ जड होणं. गोळी सुरू झाल्यापासून काही दिवसांत किंवा आठवड्यांत हे आलं असेल, तर ते म्हातारपण म्हणून सोडून देऊ नये. मांडीचं हाड मोडायच्या आधी दिसणारी हीच चिन्हं आहेत.

आणि ही नोंद बघून घाबरून गोळी एकदम बंद करू नये. महिना-दोन महिने रोज घेतलेली डायझेपाम, क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम अचानक थांबवली तर झोप पूर्वीपेक्षा जास्त उडते, हात थरथरतात, काहींना झटके येतात. डोस टप्प्याटप्प्यानं खाली आणावा लागतो, आणि तो टप्पा किती मोठा हेही माणसागणिक बदलतं. अल्प्राझोलाम लवकर उतरते, म्हणून तिचा त्रास एक-दोन दिवसांतच जाणवतो. थोरल्या भावाच्या अंगातली डायझेपाम दोन-अडीच आठवडे जात राहते. तो पहिल्या आठवड्यात म्हणेल की काहीच झालं नाही, मी सोडली. त्याची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, आणि तोपर्यंत डॉक्टरांकडची पुढची तारीख त्यानं रद्द केलेली नसावी.